चौदा महिने, दोन कादंबऱ्या आणि एक कुलूप

मी अमळनेरची. गेल्या चौदा महिन्यांत एका वाचन ॲपवर दोन कादंबऱ्या भागाभागाने लिहिल्या. पहिली 58 भागांची, दुसरी 34. दोन्हींतून हातात आले एकूण 21,600 रुपये. त्यातले 14,000 कुलूपबंद भागांचे, 5,200 दरमहा पैसे भरणाऱ्या समर्थकांचे आणि उरलेले वाचकांनी पाठवलेल्या स्टिकर्सचे. कुलूप उघडायला वाचक एका भागाला ॲपमधली पाच रुपयांची नाणी खर्च करतो. सगळे हिस्से कापून त्यातले दोनेक रुपये माझ्यापर्यंत पोचतात.

सगळ्यात जास्त शिकवलं ते कुलपाने. पहिल्या कादंबरीचे नऊ भाग फुकट होते, दहाव्यापासून कुलूप. नवव्या भागाला 2,140 वाचनं होती. दहाव्याला पहिल्या आठवड्यात फक्त 310! त्या रात्री कथा इथेच गुंडाळावी असं वाटलं. पण त्या आकड्यात निघून गेलेले आणि थांबलेले, दोघेही असतात. आमच्या ॲपवर पैसे न भरणाऱ्याला रोज एक भाग फुकट उघडतो, त्यामुळे बरेच जण सावकाश, रोज एक करत मागून येतात. महिन्याभरात तोच दहावा भाग 1,260 वर गेला.

म्हणून आता मी कुलपाच्या भागाचा आकडा एकटा बघतच नाही. महिनाभराने दहा, अकरा, बारा आणि पंधरा हे भाग शेजारी शेजारी लावते. बारावा आणि पंधरावा दहाव्याच्या जवळपास राहिले, तर कथा धरून आहे आणि गळती फक्त कुलपाची आहे. आकडा पुढेही भागागणिक उतरत असेल तर दोष लिखाणात. दुसऱ्या कादंबरीत तर कुलूप लागायच्या कितीतरी आधी, चौथ्या आणि पाचव्या भागाच्या मध्येच निम्मे वाचक गेले होते. चौथा भाग काढून वाचला. नायिका रावेरच्या केळीच्या बागेत उभी आहे, ट्रक भरला जातोय, व्यापारी भाव पाडतोय, आणि मी तिथेच तिच्या आईच्या लग्नाची बाराशे शब्दांची आठवण घातली होती. ती आठवण सातव्या भागात नेली आणि चौथ्यात केळीच्या भावाचं भांडण पुरं केलं. त्यानंतर नव्याने येणारे वाचक चौथ्याच्या पुढे टिकू लागले.

समर्थकांचं गणित वेगळं आहे. ते महिन्याचे ठराविक पैसे भरतात आणि नवा भाग इतरांच्या पाच दिवस आधी वाचतात. माझे 41 होते. सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे एका महिन्यात बाराऐवजी तीनच भाग गेले आणि पुढच्या महिन्यात 23 उरले. रागावून कोणी गेलं नाही. पैसे भरायची तारीख आली, वाचायला काही नव्हतं, त्यांनी बंद केलं. आता दहा भाग तयार झाल्याशिवाय मी पहिला भाग टाकत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री नऊ, ही वेळ मोडत नाही.

अहिराणीबद्दल खूप जणी विचारतात. निवेदन प्रमाण मराठीत, घरातलं बोलणं अहिराणीत, असं मी ठेवलं. कोल्हापूरच्या एका वाचक ताईंनी लिहिलं, “‘उनी’ म्हणजे काय हो?” तळटीप द्यावी असं आधी वाटलं, पण मोबाईलवर खाली जाऊन परत येणं वाचकाला नको असतं. मग अर्थ उत्तरातच ठेवायला लागले:

“कव्हय उनी व माय?” आजीने विचारलं.
“आत्ताच आले. पाय धुऊन आत येते.”

एवढ्याने भागतं. अहिराणीमुळे काही वाचक गमावले असतील, पण सुरतमध्ये राहणाऱ्या आमच्याकडच्या लोकांनी पुढचे भाग सगळ्यात आधी विकत घेतले. एका दादांनी लिहिलं की रात्रपाळीहून आल्यावर ते आईला फोनवर वाचून दाखवतात. ते वाचून मी त्या दिवशी दोन भाग लिहिले.

ॲपचा करार मात्र नीट वाचा. पहिल्या कादंबरीला कुलूप लावताना मी न वाचताच होकार दिला. दिवाळी अंकासाठी त्यातलं एक प्रकरण मागितलं गेलं, तेव्हा कळलं की तीन वर्षं ती कथा दुसरीकडे देता येत नाही आणि ऑडिओचे हक्कही गेलेत. लेखकाच्या हातून हे असं सहज निसटणं मला अजूनही लागतं. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी ऑडिओचं कलम वगळा म्हणून मेल केला. दोन आठवड्यांनी त्यांनी ते वगळलं.

तिसरीचे सहा भाग तयार आहेत. आणखी चार झाले की सुरू करते. या वेळी कुलूप बाराव्या भागापासून लावणार आहे, कारण व्यापाऱ्याने बुडवलेल्या पैशांचा हिशेब अकराव्यात उघड होतो आणि ती वही घेऊन नायिका चोपड्याची बस पकडते.