अमोनिया कॉम्प्रेसरचा मिनिमम सिलेक्टर : सात महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आमच्या दूध शीतकरण केंद्रातला स्क्रू कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप झाला. ज्या संरक्षणासाठी नव्या पॅनेलचे जादा पैसे मोजले होते, तेच ऐन वेळी कामी आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सक्शन प्रेशरचा कंट्रोलर स्लाइड व्हॉल्व्ह हलवून लोड ठरवतो, दुसरा कंट्रोलर मोटरला १८५ अँपिअरच्या आत ठेवतो आणि मिनिमम सिलेक्टर दोघांच्या आउटपुटपैकी जे कमी असेल ते स्लाइड व्हॉल्व्हकडे पाठवतो. सर्व्हिसवाल्याने मर्यादा १६५ वर आणली आणि भेटीचे बिल लावले. ट्रिप थांबले खरे, पण संध्याकाळचे दूध थंड व्हायला उशीर होऊ लागला, तेव्हा सिलेक्टर काढूनच टाकावा असे मला वाटले होते.

ट्रेंड पाहिल्यावर मत बदलले. एरवी मोटर १५० अँपिअरवर चालते, म्हणजे मर्यादेपासून दूर. निवड न झालेल्या कंट्रोलरला ही तफावत सतत दिसत राहते आणि त्याचा इंटिग्रल, म्हणजे तफावत साठवत जाणारा भाग, चढत चढत १०० टक्क्यांवर जाऊन बसतो. त्या संध्याकाळी स्लाइड ८० टक्क्यांवर असताना करंट २२५ ला गेला. ४० अँपिअरचा फरक म्हणजे २५० च्या स्पॅनचे १६ टक्के; गेन ०.५ असल्याने आउटपुट लगेच ९२ झाले आणि इंटिग्रल टाइम चार मिनिटांचा असल्याने पुढे ते मिनिटाला दोन टक्क्यांनी उतरत राहिले. ८० पर्यंत यायला सहा मिनिटे लागली असती. त्याआधीच रिले पडला.

उपाय कंट्रोलरच्या ब्लॉकमध्येच होता. सिलेक्टरनंतरचे आउटपुट दोन्ही कंट्रोलरच्या इंटिग्रलला फीडबॅक म्हणून द्यायचे. ती जोडणी मोकळी सोडली होती. आता १५० अँपिअरला करंट कंट्रोलर चालू आउटपुटच्या फक्त सात टक्के वर थांबतो, कारण १४ टक्के फरकाला ०.५ गेन. करंट १८५ ला पोहोचतो त्याच क्षणी दोन्ही आउटपुट समान होतात आणि ताबा बदलतो. मर्यादा पुन्हा १८५ वर नेली.

उलट बाजूनेही हीच जोडणी लागते, हे मला उशिरा कळले. करंट कंट्रोलरचा ताबा अर्धा तास टिकला की सक्शन प्रेशर सेटपॉइंटच्या वर राहते आणि फीडबॅक नसेल तर प्रेशर कंट्रोलर १०० वर चढतो. दूध थंड होऊन भार उतरला की तो वेळेवर लोड काढत नाही, सक्शन फार खाली जाते आणि लो-सक्शनवर पुन्हा ट्रिप. मे महिन्यात हे आमच्याकडे दोनदा झाले, कारण जोडणी एकाच ब्लॉकला केली होती.

माझी मोठी तक्रार मात्र आजही तीच आहे : कोणता कंट्रोलर ताब्यात आहे, हे पॅनेलच्या स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. ते दिसले असते तर पहिल्याच संध्याकाळी सिलेक्टर वेळेवर बदलला नाही हे कळले असते आणि दोन भेटींचे पैसे वाचले असते. शेवटी दोन्ही आउटपुटची तुलना करून मी स्वतः पिवळा दिवा लावून घेतला. मागच्या आठवड्यात तो २० मिनिटे पेटला, करंट १८५ च्या आसपास राहिला आणि ट्रिप झाले नाही.