भूमिस्पर्श की धर्मचक्र? अजिंठ्यात हात कसे ओळखाल

अजिंठ्याला गेलात की बुद्धाच्या चेहऱ्याआधी हात बघा. दोन मुद्रा नीट कळल्या, तरी लेणी बोलू लागतात.

२६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर मारविजयाचा, म्हणजे मोहात पाडू पाहणाऱ्या माराला बुद्धांनी हरवल्याचा प्रसंग कोरलाय. बुद्ध बोधिवृक्षाखाली बसलेत. डावा तळहात मांडीवर, उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीकडे. ही भूमिस्पर्श मुद्रा. ‘तुझा साक्षीदार कोण?’ असं माराने विचारलं, तेव्हा बुद्धांनी पृथ्वीला साक्षीला बोलावलं, अशी कथा आहे. भोवती माराची फौज, खाली त्याच्या मुली. एवढ्या गलक्यात तो एक हात किती शांत आहे! मला तिथून हलवत नाही.

आता १ क्रमांकाच्या लेण्याचा गाभारा. इथे दोन्ही हात छातीशी आलेत, बोटं एकमेकांना भिडलीत. ही धर्मचक्र मुद्रा, म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन. बैठकीवर चक्र आणि हरणं कोरलीत, तीच खूण. मूर्तीची बोटं झिजलेली असली की मी आधी बैठकच बघते.

फसगत होते ती भूमिस्पर्श आणि वरद मुद्रेत. दोन्हींत उजवा हात खालीच असतो. तळहात आपल्याकडे उघडा दिसला तर वरद, म्हणजे देणारा हात. हाताची पाठ दिसली तर भूमिस्पर्श.