चुकीच्या खात्यात गेलेले पैसे : हकीकतीचा अर्ज की तपशिलाचा?

पैसे चुकीच्या खात्यात गेले की बँकेला अर्ज द्यावा लागतो आणि तो कसा लिहावा याच्या दोन पद्धती आहेत. एकात घडलेलं सगळं सांगून विनंती केलेली असते. दुसऱ्यात नुसते आकडे, तारीख आणि मागणी. मी दोन्ही दिले, एकाच प्रकरणात, आठ दिवसांच्या अंतराने. त्यामुळे कुठला बरा हे सांगताना माझं मन एका बाजूला झुकलेलं आहे, हे आधीच कबूल करतो.

प्रकरण साधं होतं. फरशीवाल्याला ४८,५०० रुपये एनईएफटीने पाठवायचे होते. त्याने बिलावर खाते क्रमांक हाताने लिहिला होता. शेवटचे आकडे ४५७१, मी वाचले ४५१७. बँक खाते क्रमांक दोनदा टाकायला लावते खरी, पण मी दोन्ही वेळा तोच चुकीचा टाकला. तो क्रमांक अस्तित्वातच नसता तर पैसे आपोआप परत आले असते. दुर्दैवाने तो त्याच बँकेतल्या दुसऱ्या कुणाचा तरी निघाला.

पहिला अर्ज मी रात्री बसून लिहिला. दीड पान. घराचं काम कसं चाललंय, बिलावरचं अक्षर कसं होतं, फरशीवाल्याचा फोन आल्यावर कशी धावपळ झाली, आणि शेवटी ‘तरी कृपया सदर व्यवहार त्वरित रिव्हर्स करून माझी रक्कम परत मिळवून द्यावी ही नम्र विनंती.’ वाचायला चांगला होता. बायकोनेही चांगलाच म्हटला. शाखेतल्या मॅडमनी सहानुभूतीने वाचला, शिक्का मारून पोच दिली आणि समोरच्या बँकेला मेल केला.

आठव्या दिवशी उत्तर आलं : नमूद खात्यात अशी कोणतीही रक्कम जमा झालेली नाही.

मी चक्रावलो. मग मॅडमनी मेल उघडून दाखवला. त्यांनी त्यात ४५७१ ने संपणारा क्रमांक लिहिला होता, म्हणजे फरशीवाल्याचा, बरोबर खात्याचा. त्यांची चूक म्हणावी तर माझ्या अर्जात एकाच परिच्छेदात दोन्ही क्रमांक पूर्ण लिहिलेले होते, एकाखाली एक, आणि फरक फक्त शेवटच्या दोन आकड्यांच्या जागांचा. ‘४५७१ ऐवजी ४५१७ मध्ये पैसे गेले’ या वाक्यातून कुठला क्रमांक उचलायचा, हे घाईत कुणाचंही चुकेल. माझे आठ दिवस या एका वाक्याने खाल्ले. हकीकतीचा अर्ज माझ्या मनातून उतरला तो इथेच.

सोसायटीतले एक काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना तो अर्ज दाखवला तर त्यांनी हकीकत वाचलीच नाही. पेन घेऊन म्हणाले, ‘‘यूटीआर कुठाय?’’ यूटीआर म्हणजे पैसे पाठवताना त्या व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक. मी म्हटलं, सोबत स्क्रीनशॉट जोडलाय. त्यांनी स्क्रीनशॉट पाहिला. त्यावर होता तो नेटबँकिंगचा स्वतःचा संदर्भ क्रमांक. तो समोरच्या बँकेच्या काही कामाचा नाही. खरा यूटीआर खात्याच्या स्टेटमेंटमध्ये, त्या नोंदीच्या वर्णनात सापडला. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२, आणि आयएमपीएसला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तुमच्याकडचा मोजून पाहा. कमी-जास्त भरला तर तुम्हीही माझ्यासारखंच दुसरं काहीतरी जोडताय.

दुसरा अर्ज पाऊण पानाचा झाला. विषयाच्या ओळीतच रक्कम आणि तारीख. खाली एकेका ओळीत माझा खाते क्रमांक, यूटीआर, ‘रक्कम प्रत्यक्ष जमा झालेले खाते’ आणि आयएफएससी. फरशीवाल्याच्या खात्याचे फक्त शेवटचे चार आकडे, तेही सगळ्यात शेवटी, आणि पुरावा म्हणून बिलाची प्रत. पूर्ण क्रमांक अर्जात एकच राहिला, चुकीच्या खात्याचा. आता चूक करायची म्हटली तरी जागा नव्हती.

मागणीची भाषाही बदलली. काकांचं म्हणणं असं, की ‘रिव्हर्स करा’ ही मागणी बँक पुरी करूच शकत नाही, कारण पैसे एकदा दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले की त्याच्या संमतीशिवाय ते काढता येत नाहीत. जे करता येत नाही ते मागितलं की ‘शक्य नाही’ एवढंच उत्तर येतं आणि कागद फाइलला लागतो. म्हणून आम्ही असं लिहिलं : ‘कृपया लाभार्थी बँकेस कळवून संबंधित खातेदाराशी संपर्क साधण्यास व रक्कम परत करण्याबाबत त्यांची लेखी संमती घेण्यास सांगावे. त्यांच्या नियमांत बसत असल्यास तोवर ही रक्कम रोखून ठेवण्याची विनंती करावी. तक्रार क्रमांक द्यावा.’ यातलं प्रत्येक काम शाखेला खरोखर करता येतं.

एका ओळीवर आमचा वाद झाला. ‘खाते क्रमांक टाकताना माझ्याकडून चूक झाली आहे.’ मला वाटत होतं, हे लिहून दिलं की आपण अडकलो. पण रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगून ठेवलंय की रक्कम फक्त खाते क्रमांकावरून जमा करता येते आणि तो बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. मग लपवून मिळवायचं काय? उलट ती ओळ नसली की शाखेला ही फसवणुकीची तक्रार वाटू शकते आणि कागद भलत्याच टेबलावर जातो. पहिल्या अर्जात मी रागाच्या भरात ‘फ्रॉड’ हा शब्द एकदा वापरला होता. तो पहिल्यांदा खोडला गेला. तसंच ‘दररोज १०० रुपये भरपाई’ची मागणी. ती अडकलेल्या, अयशस्वी व्यवहारांसाठी आहे. आपला व्यवहार यशस्वी झालाय, हेच तर दुखणं आहे.

हकीकतीच्या अर्जाचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. समोरच्या शाखेतून त्या अनोळखी खातेदाराला फोन जातो, तेव्हा बोलणाऱ्याकडे सांगायला काहीतरी लागतं. नुसत्या यूटीआरने कुणाचं मन वळत नाही. म्हणून दीड पानातली एकच ओळ मी हट्टाने ठेवली : ‘ही रक्कम घराच्या फरशीच्या बिलापोटी द्यायची होती.’ काकांना ती फालतू वाटली. मला अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या अर्जानंतर अकराव्या दिवशी पैसे परत आले. ते अर्जामुळे आले की तो खातेदारच सज्जन होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याने पैसे काढून खर्च केले असते तर कुठल्याच अर्जाने भागलं नसतं. मग वकिलाची नोटीस, आणि तिला आधार भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ चा : चुकून मिळालेली रक्कम परत करायला घेणारा बांधील असतो. बँकेनेच दाद दिली नाही तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथेही पहिल्यांदा मागतात ती तुमच्या अर्जाची पोच. म्हणजे तोच कागद पुन्हा कुणीतरी अनोळखी माणूस वाचणार.

तुमच्या शाखेत ओळख असेल, मॅनेजर स्वतः लक्ष घालणार असतील, तर हकीकतीचा अर्जही चालून जाईल. ते तोंडी विचारून नेमका क्रमांक लिहून घेतील. ओळख नसेल तर मी तपशिलाचाच देईन, आणि देण्याआधी घरातल्या कुणालातरी तो दहा सेकंद दाखवून विचारीन, पैसे कुठल्या खात्यात गेले ते सांग. परवा मेहुण्याचे पैसे असेच गेले तेव्हा त्याच्या अर्जावर हे करून पाहिलं. भाचीने पटकन बोट ठेवलं, ते त्याच्या स्वतःच्याच खात्यावर. अर्ज पुन्हा लिहिला.