१९८४ च्या उंदरासाठी कोणता ड्रॅगन: १९७६ चा की १९८८ चा?

चिनी राशिचक्रात उंदीर आणि ड्रॅगन ही जोडी मुळातच शुभ मानली जाते. परंतु १९८४ चा उंदीर काष्ठ तत्त्वाचा, १९७६ चा ड्रॅगन अग्नीचा आणि १९८८ चा पृथ्वीचा असल्यामुळे फळ बदलते. काष्ठ अग्नीला पोसते, म्हणून पहिल्या जोडीत आधार सहज मिळतो, मात्र देणारा बहुतेक वेळा उंदीरच असतो. काष्ठ पृथ्वीवर अंकुश ठेवते, त्यामुळे दुसऱ्या जोडीत स्नेह टिकूनही वर्चस्वाचा ताण येतो. तरीही प्राण्यांचा मेळ तत्त्वाहून वजनदार असल्याने मी ती नाकारणार नाही. जन्मतारीख मात्र अवश्य तपासावी, कारण ड्रॅगनचे ते वर्ष १७ फेब्रुवारी १९८८ रोजी सुरू झाले आणि जानेवारी १९८८ मध्ये जन्मलेली व्यक्ती ड्रॅगन नसून अग्नितत्त्वाचा ससा ठरते, ज्याचे उंदराशी पटत नाही.