कोकणी भाषा आणि मालवणी बोली? रेषा ठरवली कोणी?

तेरेखोल नदीच्या एका बाजूला सिंधुदुर्ग, दुसऱ्या बाजूला गोव्यातलं पेडणं. आपण 'मला, तुला' म्हणतो, मालवणीत 'माका, तुका' आणि कोकणीतही 'माका, तुका'च. आपलं 'कुठे', मालवणीत 'खय', कोकणीत 'खंय'. म्हणजे फक्त अशा शब्दांवरून बघितलं तर मालवणी आपल्यापेक्षा कोकणीच्या जास्त जवळची वाटते, तरी सिंधुदुर्गात बहुतेक लोक तिला मराठीची बोली म्हणतात, कारण शाळा मराठी, पेपर मराठी, राज्य महाराष्ट्र.

आता कोकणीचं बघा. तिलाही कितीतरी वर्षं मराठीची बोलीच म्हणायचे. मग 1967 ला जनमत कौल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन झाला नाही, 1975 ला साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा मानलं, 1987 ला ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 ला आठव्या अनुसूचीत गेली. या 25 वर्षांत व्याकरण काही बदललं नाही, बदलला तो दर्जा.

भाषाशास्त्रात एक कसोटी आहे, एकमेकांचं न शिकता कळतं का. पण ती इथे नीट चालत नाही, कारण बोली गावागणिक थोडी थोडी बदलत जाते, शेजारच्याचं कळतं, लांबच्याचं अडतं, मग तोडायचं कुठे? त्यात गोवेकराला मराठी सहज कळते ती बऱ्याचदा शाळेमुळे, कीर्तनामुळे, नाटकांमुळे, पुणेकराला कोकणी तेवढी कळत नाही.

आणि 2011 च्या जनगणनेत मालवणी कुठे मोजलीय? कोकणीखाली! माझ्या मते मालवणी बोलणाऱ्यालाच आधी विचारायला हवं होतं.