कांदा चिरताना डोळे झोंबणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर टिकलेल्या सवयी

कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुग आणि ते फोडणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पातं पेशी फोडतं तेव्हा दोन्ही एकत्र येतात, आणि त्यातून बनलेल्या पदार्थावर दुसऱ्या विकराची क्रिया होऊन डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये शोधलं. म्हणजे जितक्या पेशी चिरडल्या जातील, तितकं पाणी जास्त.

म्हणूनच आठ महिन्यांत सगळ्यात जास्त फरक पडला तो सुरीच्या धारेने. बोथट पातं आधी पाकळी दाबतं, मग फाडतं, आणि तिथे दाबलेला रस बारीक थेंबांनी वर उडतो. सुरी घाईने आपटली की थेंब आणखी वाढतात. धार गेली आहे हे ओळखायला कांदाच पुरे: बाहेरच्या गुळगुळीत पाकळीवर सुरी घसरते आणि बोर्डवर रसाचं तळं साचतं. नीट धारेच्या सुरीने चिरलं की फोडीची कड कोरडी, लख्ख दिसते. रोज वापर असेल तर महिन्यातून एकदा 1000 ग्रिटच्या ओल्या दगडावर, पातं साधारण 15 ते 20 अंशांत धरून धार लावावी. एक बाजू घासताना दुसऱ्या बाजूच्या कडेला बोटाला हलकी खरखर जाणवली की बाजू बदलायची; ती येण्याआधीच थांबलं तर धार लागतच नाही. बोट कडेला आडवं फिरवून पाहायचं, कडेच्या लांबीने कधीच नाही.

चिरायची रीतही तितकीच महत्त्वाची. शेंडा उडवून कांदा मुळापासून शेंड्यापर्यंत उभा अर्धा करावा, पण मूळ ठेवावं. अर्धे लगेच पालथे घालावेत, म्हणजे सगळ्यात मोठा उघडा भाग बोर्डला टेकतो. उभे काप मुळाच्या बोटभर अलीकडे थांबवून मग आडवे काप घ्यावेत. मुळामुळे पाकळ्या एकत्र राहतात, सुरी दाबावी लागत नाही. चिरलेला ढीग मात्र नाकाखाली उघडा राहिला की सगळी मेहनत वाया जाते, कारण वायू बनणं चिरल्यावरही चालू असतं. प्रत्येक कांदा झाला की झाकणाच्या भांड्यात टाकावा.

पंखा बाजूने लावावा, वारा बोर्डवरून पलीकडे जाईल असा. समोरून लावला तर वायू थेट तोंडावर येतो.

फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवण्याचा उपाय मी आता सोडला आहे. थंडीने विकराचं काम मंदावतं खरं, पण बोथट सुरीची भरपाई त्याने होत नाही. पाण्यात बुडवून चिरलं तर झोंबत नाही, पण कांदा हातातून निसटतो, आणि ओल्या हातात धारदार सुरी हा धोका घेऊ नये. तोंडात पाव धरल्याने काही होत नाही. वायू डोळ्यांच्या बुबुळावर पोचतोच. एकदम दोन किलो चिरायचे असतील तर चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल घालावा. साध्या चष्म्याच्या कडेने वायू आत शिरतो.