टीबीच्या गोळ्यांनी उलटी होतेय: चालू ठेवायच्या की थांबवायच्या?

चुलतभावाला हाच प्रश्न पडलाय. वजन ५५ किलो, रोज चार गोळ्या, तिसरा आठवडा. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीत चार औषधं असतात. पुढचे चार महिने त्यातलं पायराझिनामाइड वगळतात. म्हणून पोटाचा त्रास बहुधा सुरुवातीलाच जास्त होतो.

लक्षणं: नुसती मळमळ असेल, जेवण जात असेल, तर गोळ्या चालू. हलकं खाऊन घेतल्या तरी चालतं. लघवी केशरी होणं रिफाम्पिसिनमुळे असतं, त्याला घाबरू नये. पण लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे, उलट्या थांबत नाहीत, अन्नावरची वासना गेली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

रक्ततपासणी: निकाल खरा इथे लागतो. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एसजीपीटीची कमाल मर्यादा ४० धरा. त्रास होतोय आणि आकडा ९०, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन नॉर्मल: गोळ्या चालू, आठवड्याने पुन्हा तपासणी. त्रास होतोय आणि आकडा १६०, म्हणजे तिपटीच्या वर: थांबवायच्या. काहीच त्रास नसेल तर थांबवण्याची रेषा पाचपट.

चुकल्याची किंमत: कावीळ असताना रेटलं तर यकृत निकामी होऊ शकतं. उगाच थांबवलं तर जंतू पुन्हा वाढतात. मनानेच एखादं औषध गाळणं मला सर्वात घातक वाटतं, कारण त्यातून औषधाला न जुमानणारा टीबी होतो. यकृत सावरल्यावर डॉक्टर औषधं एकेक करून परत सुरू करतात.

भावाचा आकडा ९० आलाय, डोळे पांढरे आहेत. त्याने गोळ्या चालू ठेवाव्यात, दारू पूर्ण बंद करावी.